परीक्षेची बैठक व्यवस्था: मुलांच्या यादीतून खोली आणि बाक काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेत परीक्षा विभाग माझ्याकडे आहे. सहामाही जवळ आली की आसपासच्या शाळांतून फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये ही बैठक कशी लावायची ते एकदाच सगळं लिहून ठेवतो. उदाहरण आमच्याच शाळेतलं घेतलंय. दहावीची ७४ मुलं, नववीची ६८, आणि चार खोल्या.

हे कोणत्या परीक्षेसाठी आहे? बोर्डाला चालेल का?

शाळेच्या आपल्या परीक्षांसाठी आहे: घटक चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा. इथे एका बाकावर दोघं बसतात आणि दोघं वेगवेगळ्या इयत्तांचे असतात. बोर्डाचं गणित निराळं. तिथे आसन क्रमांक वरून येतात, २५ चा ब्लॉक असतो, आणि केंद्रावर जी सूचना आली असेल तीच पाळायची. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या शाळांना कोकण विभागीय मंडळाकडून ती येतेच. तिथे स्वतःची हुशारी चालवू नका.

सुरुवात मुलांच्या यादीपासूनच करायची ना?

नाही, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मुलांची यादी हातात तयार असते म्हणून माणूस तिच्यापासून सुरू करतो, आणि नावांपुढे "खोली १, बाक १", "खोली १, बाक २" असं टाइप करत जातो. पन्नासाव्या नावाला कुणीतरी येऊन सांगतं की तीन नंबरच्या खोलीत शेवटचे दोन बाक धरू नका, कौलातून पाणी गळतंय. मग खालचं सगळं पुन्हा टाइप करा.

आधी यादी करायची ती बाकांची. खडू घेऊन खोल्यांतून फिरा, प्रत्येक बाकावर आकडा घाला, आणि तीच मोजणी शीटमध्ये उतरवा. एका बाकाला एक ओळ. शीटला मी `Jaga` असं नाव देतो. नाव इंग्रजीत ठेवलं की सूत्र लिहिताना कळफलक उलटसुलट करावा लागत नाही, एवढंच कारण. कॉलम चारच: A मध्ये खोली, B मध्ये बाक, C मध्ये १ किंवा ०, आणि D मध्ये क्रम. बाक वापरायचा असेल तर C मध्ये १, मोडका किंवा गळक्या जागेखालचा असेल तर ०. D मध्ये हे सूत्र:

```
=IF(C2=1,SUM(C$2:C2),"")
```

हे सूत्र वरपासून त्या ओळीपर्यंतचे १ मोजतं. म्हणजे चालू बाकांना १, २, ३ असा सलग क्रम मिळतो आणि बंद बाकापुढे काहीच येत नाही. पाऊस थांबला आणि बाक सुकला तर ० चा १ करा, पुढचे सगळे क्रम आपोआप सरकतील.

आमच्या चार खोल्या अशा आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीत २० बाक, तिसऱ्या आणि चौथ्या खोलीत १८. एकूण ७६. तिसरी खोली जुन्या जांभ्याच्या इमारतीत आहे. तिथे सहा-सहाच्या तीन रांगा, आणि मधल्या रांगेच्या शेवटच्या दोन बाकांवर, म्हणजे ११ आणि १२ वर, दर पावसाळ्यात टपटप. त्या दोघांना ० दिला. उरले ७४ बाक, आणि दहावीची मुलंही ७४. जमलं असं तेव्हा वाटलं. ते कसं फसलं ते खाली येईलच.

एवढा खटाटोप कशाला? क्रमांकाला बाकांच्या संख्येने भागलं की खोली निघते की.

निघते, पण सगळ्या खोल्या सारख्या आणि सगळे बाक धड असतील तरच. समजा प्रत्येक खोलीत २५ जागा आहेत आणि मुलाचा क्रम `E2` मध्ये आहे, तर खोली आणि बाक असे येतात:

```
=INT((E2-1)/25)+1
=MOD(E2-1,25)+1
```

यातला `-1` विसरू नका. तो नसेल तर पंचविसावा मुलगा पहिल्या खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जातो, आणि `MOD(E2,25)` एवढंच लिहिलं असेल तर त्याला बाक नंबर शून्य मिळतो. दर पंचविसाव्या मुलाला हाच प्रसाद. बैठक तक्त्यात कुठे "बाक ०" दिसला तर हीच चूक समजा.

आमच्यासारख्या २०, २०, १६, १८ अशा खोल्यांना हे भागाकाराचं सूत्र लावता येत नाही. बंद बाक तर त्याला कळतच नाहीत.

मुलांची यादी कशी लावायची?

दुसरी शीट, नाव `Mule`. A मध्ये इयत्ता, B मध्ये तुकडी, C मध्ये हजेरी क्रमांक, D मध्ये नाव. आधी इयत्ता, मग तुकडी, मग हजेरी क्रमांक या क्रमाने लावून घ्या. नुसत्या हजेरी क्रमांकाने लावलंत तर अ तुकडीचा १ आणि ब तुकडीचा १ शेजारी येतात आणि सगळी सरमिसळ होते. क्रम १, १०, ११, २ असा लागला तर समजा की आकडे मजकूर म्हणून साठवले गेलेत. आधी ते दुरुस्त करा, कारण हीच गोष्ट पुढे मोठा घोटाळा करते.

नावांवरून लावू नका. एका यादीत "सूर्वे", दुसरीत "सुर्वे", तिसरीत नावाआधी नकळत पडलेली मोकळी जागा. वर्णानुक्रमाचा भरवसा नाही.

मग E मध्ये त्या मुलाचा त्याच्या इयत्तेतला क्रम, आणि F मध्ये खोली:

```
=COUNTIF(A$2:A2,A2)
=INDEX(Jaga!A$2:A$200,MATCH($E2,Jaga!$D$2:$D$200,0))
```

F चं सूत्र उजवीकडे G मध्ये ओढलं की आपोआप बाकाचा कॉलम घेतं. डॉलरची चिन्हं जिथे आहेत तिथेच ठेवा. ती हलली तर ओढताना क्रमाचा कॉलमही सरकतो.

आता दहावीचा ५१ वा मुलगा बघू. त्याचा क्रम ५१, म्हणून `Jaga` मध्ये D जिथे ५१ आहे ती ओळ सापडते. पहिल्या दोन खोल्यांनी ४० घेतले, म्हणजे हा तिसऱ्या खोलीतला अकरावा चालू बाक. पण ११ आणि १२ बंद आहेत. म्हणून त्याला मिळतो बाक १३, तिसऱ्या रांगेतला पहिला. हाताने मोजलं असतं तर तो बरोबर पागोळीखाली बसला असता. नववीचा ५१ वा मुलगाही याच बाकावर येतो, फक्त दुसऱ्या बाजूला. दोन्ही इयत्तांचे क्रम वेगवेगळे १ पासून सुरू होतात, त्यामुळे जोडी आपोआप जमते.

बाक किती लागतील हेही यातून लगेच कळतं. दोन इयत्तांपैकी जी मोठी, तिच्या मुलांइतके. दोन्हींची बेरीज करून निम्मे, हा हिशेब चुकीचा. १४२ चे निम्मे ७१ होतात, पण दहावीची मुलं ७४ आहेत. ७१ बाक मांडले असते तर दहावीची तिघं उभी राहिली असती.

डावी बाजू म्हणजे कुणाची डावी?

हसू नका, यावरून आमच्याकडे पेपर दहा मिनिटं उशिरा सुरू झालाय. तक्त्यात "डावी" लिहिलं होतं. मुलं आपल्या डावीकडे बसली आणि फळ्याजवळ उभ्या असलेल्या पर्यवेक्षक बाईंनी आपल्या डावीकडून मोजून निम्मी खोली उठवली. दोघांचंही बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ असते: "डावी म्हणजे फळ्याकडे तोंड करून बसल्यावर डावा हात." आणि शिपाईमामा बाक १ वर खडूने बाण काढून ठेवतात.

बाकांची मोजणी कुठून सुरू झाली हेही ठरलेलं असू द्या. आम्ही दारातून आत गेल्यावर दाराजवळच्या रांगेत पुढून मागे मोजतो, आणि पुढची रांग पुन्हा पुढूनच. काही शाळांत मोजणी सापासारखी वळते. कुठलीही चालेल, पण सगळ्या खोल्यांत एकच पाहिजे.

शेजारी दुसऱ्या इयत्तेचा मुलगा बसला, पण पुढे-मागे तर एकाच वर्गाची मुलं येतात. त्याचं काय?

बरोबर पकडलंत. दहावी कायम डावीकडे ठेवली तर एकाच्या मागे एक सगळे दहावीचे, आणि तेही लागोपाठच्या हजेरी क्रमांकांचे. म्हणजे बहुधा जिवलग मित्र. यावर सोपा उपाय म्हणजे एक बाक सोडून बाजू बदलायची. विषम बाकावर दहावी डावीकडे, सम बाकावर उजवीकडे. `Mule` मध्ये H कॉलमला:

```
=IF(ISEVEN(G2)=(A2=10),"उजवी","डावी")
```

कंस जरा विचित्र दिसतात, पण अर्थ साधा आहे. बाक सम आणि मुलगा दहावीचा, या दोन्ही गोष्टी खऱ्या किंवा दोन्ही खोट्या असतील तर उजवी, नाहीतर डावी. आता दहावीच्या मुलाच्या थेट पुढे आणि थेट मागे नववीचा येतो, दहावीचा तिरका.

एक उणीव राहते. रांगेत पाच बाक असतील, जसे आमच्या पहिल्या दोन खोल्यांत आहेत, तर बाक १ आणि बाक ६ बाजूबाजूला येतात आणि त्यांतला एक विषम, एक सम. त्यामुळे मधल्या वाटेच्या दोन्ही काठांना एकाच इयत्तेची मुलं बसतात. सहाच्या रांगांत असं होत नाही, कारण १ च्या शेजारी ७ येतो. मी हे सोडून देतो. मधून पर्यवेक्षक फिरतात, आणि वाट निदान दोन हात रुंद असते. वाट चिंचोळी असेल तर पाचाच्या रांगेत एक आकडा मुद्दाम रिकामा ठेवून सहावर न्या. म्हणजे बाक ६ नाहीच असं धरा आणि पुढची रांग ७ पासून मोजा.

एकाच जागेवर दोन मुलं आली. सूत्र तर सगळीकडे तेच आहे!

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. कुठल्यातरी मुलाच्या इयत्तेतला १० हा आकडा नसून मजकूर आहे. यादी कुठून तरी उतरवून आणलेली असते. मग एखादा मुलगा नंतर दाखल झाला म्हणून त्याची ओळ दुसऱ्या फाइलमधून चिकटवलेली असते. डोळ्यांना दोन्ही १० सारखेच दिसतात.

गंमत अशी, की एक्सेलमध्ये `COUNTIF` दोन्हींना सारखंच मोजतं, त्यामुळे क्रम बरोबर येतो. पण `A2=10` ही तुलना मजकुराला खोटी ठरवते. समजा तो दहावीचा ३१ वा मुलगा आहे. खोली २, बाक ११, इथवर ठीक. बाक विषम, म्हणून त्याने डावीकडे बसायला हवं. पण सूत्राच्या लेखी तो दहावीचा नाहीच, म्हणून त्याला उजवी मिळते. तिथे नववीचा ३१ वा आधीच बसलाय. डावी जागा रिकामी, उजवीकडे दोघं.

यातली खरी भीती पुढे आहे. खोलीनुसार तक्ता काढताना सूत्र त्या जागेचं पहिलं नाव उचलतं आणि थांबतं. दुसरा मुलगा तक्त्यात दिसतच नाही. कुठे लाल खूण नाही, चूक नाही, काही नाही. परीक्षेच्या दिवशी एक पोर दारात उभं राहून म्हणतं, "सर, माझं नाव नाहीये." म्हणून तक्ता छापायच्या आधी एका मोकळ्या कॉलममध्ये, मी J वापरतो, हे टाकून बघा:

```
=COUNTIFS(F$2:F$300,F2,G$2:G$300,G2,H$2:H$300,H2)
```

प्रत्येक ओळीत १ यायला हवा. २ दिसला की ती जोडी सापडली. दोघांपैकी ज्याची इयत्ता सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसते, तो बहुतेक मजकूर. खात्रीसाठी `=ISNUMBER(A2)` लावा. दुरुस्ती म्हणजे त्या सेलचं स्वरूप साधं करून १० पुन्हा टाइप करणं, तेही इंग्रजी आकड्यांत. देवनागरी आकडे नोटिशीवर शोभतात, पण सूत्रात पडणाऱ्या सेलमध्ये ते घालण्याचा धोका मी पत्करत नाही.

`#N/A` आलं. सूत्र चुकलं का?

नाही. सूत्र सांगतंय की या मुलाला बाकच उरलेला नाही. म्हणून ही खूण `IFERROR` घालून झाकू नका, निदान या शीटमध्ये तरी नको.

आमच्याकडे ७४ मुलं, ७४ बाक, असं सगळं जुळलं होतं. चार दिवसांवर परीक्षा असताना मुंबईहून गावाला परत आलेल्या एका कुटुंबातली मुलगी दहावीत दाखल झाली. क्रम ७५, आणि पुढे `#N/A`. नववीची मुलं ६८ वरच संपत असल्यामुळे चौथ्या खोलीत बाक १३ ते १८ वर एकेक जागा मोकळी होती. पण त्या सहाही बाकांवर दहावीचंच कुणीतरी बसलेलं. तिला तिथे बसवणं म्हणजे दहावीशेजारी दहावी. शेवटी प्रयोगशाळेतून एक बाक उचलून चौथ्या खोलीत ठेवला आणि `Jaga` मध्ये शेवटी "खोली ४, बाक १९, १" अशी ओळ जोडली.

तरी `#N/A` जाईना! कारण तेव्हा माझ्या सूत्रात शेवट `$77` होता, आणि नवी ओळ ७८ वी. तळाला जोडलेली ओळ सूत्राच्या नजरेत आलीच नव्हती. वर मी २०० आणि ३०० पर्यंतच्या हद्दी लिहिल्यात त्या यासाठी. रिकाम्या ओळी काही त्रास देत नाहीत. D चं सूत्र मात्र नव्या ओळीत ओढायला विसरू नका.

आता मी प्रत्येक खोलीचा शेवटचा एक बाक आधीच ० करून ठेवतो. जागा असेल तर तुम्हीही ठेवा.

दारावर कोणता तक्ता लावायचा?

दोन तक्ते लागतात आणि लोक एकच करतात. मुलाला शोधायचं असतं आपलं नाव, म्हणून बाहेरच्या फलकावर इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांकाच्या क्रमाने यादी, पुढे खोली आणि बाक. पर्यवेक्षकाला मात्र बाकावरून नाव बघायचं असतं. म्हणून खोलीत बाकांच्या क्रमाने तक्ता: बाक, डावी, उजवी.

दुसऱ्यासाठी `Mule` च्या I कॉलममध्ये जागेची खूण बनवा. तक्त्याच्या शीटमध्ये A मध्ये खोली, B मध्ये बाक, आणि `C1` व `D1` मध्ये "डावी" व "उजवी" हे शब्द. मग `C2` मध्ये दुसरं सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढा:

```
=F2&"-"&G2&"-"&H2
=IFERROR(INDEX(Mule!$D$2:$D$300,MATCH($A2&"-"&$B2&"-"&C$1,Mule!$I$2:$I$300,0)),"")
```

इथे `IFERROR` चालतं, कारण रिकामी जागा रिकामीच दिसायला हवी. शीर्षकातला शब्द सूत्रातल्या शब्दाशी अक्षरशः जुळला पाहिजे. "डावी" च्या पुढे एक मोकळी जागा पडली तर अख्खा कॉलम कोरा येतो. छापण्याआधी तक्त्यातली नावं मोजा:

```
=COUNTIF(C2:D200,"?*")
```

आमच्याकडे १४२ यायला हवेत. १४१ आले, तर वरचा दोघांचा प्रश्न पुन्हा वाचा. तक्त्यात खोल्या एकाखाली एक लिहा आणि दर खोलीनंतर पान तोडा. सेल एकत्र करून सजावट करायची असेल तर ती छापायच्या प्रतीत करा, मूळ शीटमध्ये नको.

फलकावर लावायला नावं वर्णानुक्रमे लावली आणि सगळ्यांचे बाक बदलले!

बदलणारच. क्रमाचं सूत्र वरपासून मोजतं. ओळ हलली की क्रम हलला, क्रम हलला की बाक. म्हणून बैठक व्यवस्था पक्की झाली की E ते I हे कॉलम कॉपी करून त्याच जागी फक्त किमती चिकटवा. गूगल शीट्समध्ये त्यासाठी `Ctrl+Shift+V`, एक्सेलमध्ये `Paste Special` मधलं `Values`. सूत्रांची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, पुढच्या परीक्षेला तीच कामाला येते. यानंतर यादी हवी तशी लावा, फिरवा, काही हलत नाही.

यादी फलकावर लागली आणि रात्री पाऊस कोसळला. सकाळी आणखी एक बाक भिजलेला. त्याला ० करू का?

मुळीच नको. ० केलात तर त्यापुढची सगळी मुलं एकेक बाक सरकतील, आणि बाहेरची यादी, दारावरचा तक्ता आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे सगळंच खोटं ठरेल. यादी लागण्याआधी बदल करायचा तो `Jaga` मध्ये. यादी लागल्यानंतर बदल हाताने, आणि ज्यांचा बाक गेला त्या दोघांपुरताच. ते दोघं त्याच खोलीतल्या राखीव बाकावर. तक्त्यावर पेनाने खोडून नवा आकडा, बाजूला सही. उशिरा दाखल झालेल्या मुलालाही हाच नियम: त्याचा हजेरी क्रमांक मध्ये कुठेही येत असो, बैठकीत तो शेवटी.

गैरहजर मुलाची जागाही तशीच रिकामी ठेवा. आमच्याकडे काही मुलं धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून येतात. वारा असला की बोटीला वेळ होतो. एकदा एका नव्या सरांनी रिकामे बाक बघून मागच्या मुलांना पुढे घेतलं. पंधरा मिनिटांनी पाच मुलं धापा टाकत आली, तेव्हा त्यांच्या जागांवर दुसरेच पेपर लिहीत होते.

कोणत्या खोलीत किती प्रश्नपत्रिका पाठवायच्या?

हेही `Mule` मधूनच निघतं. तिसऱ्या खोलीतली दहावी:

```
=COUNTIFS(Mule!F$2:F$300,3,Mule!A$2:A$300,10)
```

पहिल्या दोन खोल्यांत दोन्ही इयत्तांच्या वीस-वीस, तिसऱ्या खोलीत सोळा-सोळा, चौथ्या खोलीत दहावीच्या १८ आणि नववीच्या १२. प्रयोगशाळेतला बाक धरला तर दहावीच्या १९. गठ्ठ्यावर खोलीचा आकडा आणि इयत्ता ठळक लिहा आणि दोन्ही इयत्तांचे गठ्ठे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधा.

आमच्याकडे जुनं एक्सेल आहे, चालेल?

वरची सगळी सूत्रं एक्सेल २००७ पासून चालतात, लिब्रेऑफिसमध्येही चालतात. फक्त लिब्रेऑफिसमध्ये `Jaga!` च्या जागी `Jaga.` असं टिंब दिसेल, आणि `"?*"` साठी सेटिंगमध्ये वाइल्डकार्ड चालू असायला हवं. मोबाइलवर मात्र बघण्यापुरतंच उघडा. बोट घसरून ओळ हलली तरी लक्षात येत नाही.